स्पीकर म्हणतो ‘खाते सापडत नाही’, पण ॲपमध्ये जोडणी पूर्ण झालेली दिसते

रेवती_क

नमस्कार. गेले चार दिवस मी एकाच ठिकाणी अडकले आहे, म्हणून सविस्तर लिहिते. घरात ॲलेक्सावर चालणारा एक छोटा स्पीकर आहे आणि माझ्याकडे स्पॉटिफायचे सशुल्क खाते आहे. फोनवर गाणी व्यवस्थित वाजतात. ॲलेक्साच्या ॲपमध्ये More, मग Settings, मग Music & Podcasts असे जाऊन मी Link New Service निवडले, स्पॉटिफायवर Enable to use दाबले, परवानगीचे पान आले, मी होकार दिला आणि जोडणी यशस्वी झाल्याचा संदेशही दिसला. त्यानंतर स्पीकरला स्पॉटिफायवरचे गाणे लावायला सांगितले, तर ‘तुमचे स्पॉटिफाय खाते सापडत नाही, ॲपमध्ये जाऊन जोडा’ अशा अर्थाचे उत्तर येते. जोडणी काढून पुन्हा करणे हा प्रकार मी तीन वेळा केला. हवामान, गजर, बातम्या हे सगळे स्पीकर बिनचूक सांगतो, म्हणजे इंटरनेट बंद आहे असेही म्हणता येत नाही. मदतीच्या क्रमांकावर फोन केला तर दोन्ही ॲप काढून पुन्हा टाकायला सांगितले. तेही करून झाले. कुठे चुकते आहे?

सुहास_द

फोन आणि स्पीकर एकाच वाय-फायवर आहेत का ते आधी पाहा. बहुतेक राऊटर दोन नावांनी जाळे पसरवतात, आणि फोन एकावर व स्पीकर दुसऱ्यावर असला की दोघांची गाठ पडत नाही. माझ्याकडे अगदी हेच झाले होते. त्यानेही जमले नाही तर स्पीकर मूळ स्थितीत आणा, म्हणजे जुने सगळे पुसले जाईल आणि खाते नव्याने जोडता येईल.

रेवती_क

दोन्ही एकाच वाय-फायवर आहेत, नाव तपासून पाहिले. मूळ स्थितीत आणण्याआधी थोडे थांबावे असे वाटते, कारण आईचे औषधांचे गजर त्याच स्पीकरवर लावलेले आहेत.

जुना_तंत्री

थांबलात ते बरे केले. सुहासरावांचा सल्ला एका प्रकारच्या स्पीकरसाठी बरोबर आहे, त्याविषयी पुढे लिहितो. पण आपल्या तक्रारीत वाय-फायचा संबंध दिसत नाही.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली की बाकीचे आपोआप उलगडते. स्पॉटिफायचे खाते स्पीकरमध्ये साठवलेले नसते. स्पीकर एका ॲमेझॉन खात्यावर नोंदलेला असतो, आणि स्पॉटिफायची जोडणी त्या ॲमेझॉन खात्याला चिकटलेली असते. आपण गाणे मागितले की स्पीकर आपला आवाज ॲमेझॉनच्या सर्व्हरकडे पाठवतो. तो सर्व्हर पाहतो की हा स्पीकर कोणाच्या नावावर आहे, त्या नावाला स्पॉटिफायची परवानगी जोडलेली आहे का, आणि असल्यास त्या परवानगीने गाणे सुरू करतो. या सगळ्या प्रवासात आपल्या फोनची गरज कुठेच लागत नाही. जोडणी करताना आपण फोन दुसऱ्या शहरात, मोबाइल डेटावर ठेवला असता तरीही चालले असते. म्हणूनच दोन्ही ॲप काढून पुन्हा टाकल्याने काही बदलले नाही, कारण जोडणी ॲपमध्येही राहत नाही.

ॲप सांगते की जोडणी झाली आणि स्पीकर सांगतो की खाते नाही. माझ्या मते दोघेही खरे बोलत असावेत. ॲप एका ॲमेझॉन खात्याविषयी बोलत असेल आणि स्पीकर दुसऱ्या. म्हणून दोन प्रश्न विचारतो. आपल्या फोनवरच्या ॲलेक्सा ॲपमध्ये Devices या ठिकाणी हा स्पीकर दिसतो का? आणि स्पीकर पहिल्यांदा कोणी सुरू केला होता?

अनामिक_श्रोता

इतका खटाटोप कशाला? फोनचे ब्लूटूथ चालू करा, स्पीकरला जोडा आणि फोनवरून गाणे लावा. खाते जोडण्याचा प्रश्नच उरत नाही.

जुना_तंत्री

अनामिक_श्रोता, गाणे ऐकू येईल हे खरे आहे, परंतु त्या वेळी गाणे फोन वाजवत असतो आणि स्पीकर फक्त आवाज बाहेर टाकतो. फोन खोलीबाहेर गेला की गाणे तुटते, फोन आला की गाणे थांबते, आणि आवाजी आज्ञेने विशिष्ट यादी लावता येत नाही. रेवतीताईंनी विचारलेला प्रश्न वेगळा आहे. हा प्रयोग एका कामाला मात्र उपयोगी पडतो: ब्लूटूथवर आवाज नीट येत असेल तर स्पीकरचे यंत्र ठीक आहे, आणि दोष खात्यांच्या बाजूलाच शोधायचा हे ठरते.

रेवती_क

आपला प्रश्न वाचून ॲप उघडले आणि थोडी शरम वाटली. Devices मध्ये एक जुनी टीव्हीची कांडी दिसते, पण हा स्पीकर दिसत नाही. स्पीकर दोन वर्षांपूर्वी धाकट्या भावाने सुरू केला होता. तो आता आमच्याबरोबर राहत नाही. आपण बोलल्यावर स्पीकर उत्तर देतो, म्हणजे तो आपल्याच खात्यावर आहे, असे मी गृहीत धरून बसले होते.

जुना_तंत्री

शरम वाटण्यासारखे यात काही नाही. समोर कोण बोलत आहे याची ओळख पटवल्याशिवाय हवामान सांगता येते. खाते लागते ते गाणे, खरेदी आणि दिनदर्शिका यांसाठी. त्यामुळे अशी गल्लत वर्षानुवर्षे लपून राहते आणि कोणी गाणे मागितले की बाहेर पडते.

खात्री करण्यासाठी भावाला त्याच्या ॲपमध्ये या स्पीकरच्या सेटिंगमध्ये जायला सांगा. तिथे Registered To या ओळीसमोर त्याचे नाव दिसेल. तसे दिसले की आपल्यापुढे तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग म्हणजे भावाने स्वतःच्या ॲपमध्ये आपले स्पॉटिफाय जोडणे. त्यासाठी पासवर्ड त्याच्या फोनवर टाकावा लागेल, आणि उद्या त्याला त्याचे स्वतःचे स्पॉटिफाय जोडायचे झाले की ओढाताण सुरू होईल. दुसरा मार्ग म्हणजे आपण आपल्या फोनवर भावाच्या ॲमेझॉन खात्याने ॲलेक्सा ॲप उघडणे. हा मला मुळीच पसंत नाही, कारण त्या खात्यात त्याची खरेदी, पत्ते आणि पैसे भरण्याची साधने असतात. तिसरा मार्ग म्हणजे भावाने Deregister करून स्पीकर त्याच्या नावावरून काढणे आणि आपण तो नव्याने स्वतःच्या नावावर घेणे. भाऊ तिथे राहत नसेल तर हाच सरळ मार्ग आहे. यात भावाच्या खात्यावर लावलेले गजर आणि आठवणी जातील, म्हणून आईंच्या औषधांच्या वेळा आधी कागदावर उतरवून घ्या.

सुहासरावांनी सुचवलेली मूळ स्थिती इथे काही अंशी उपयोगी पडली असती. मात्र तिने स्पॉटिफायची जोडणी पुसली जात नाही, कारण जोडणी स्पीकरमध्ये नाहीच. फार तर स्पीकरची आधीची मांडणी पुसली जाते. आणि जुन्या मालकाच्या खात्यावरची नोंद त्यानेच काढलेली असणे केव्हाही सुरक्षित, नाहीतर नवी नोंदणी अर्ध्यावर अडू शकते.

सुहास_द

मान्य आहे. माझा स्पीकर गूगलचा आहे, म्हणून मला वाय-फायच मुख्य कारण वाटले. तिथे फोन स्वतः स्पीकरला शोधतो ना?

जुना_तंत्री

होय, तिथे आपले म्हणणे पुष्कळ अंशी बरोबर आहे. फोनवरच्या गाण्याच्या ॲपमधून कास्टचे चिन्ह दाबून स्पीकर निवडायचा असेल तर फोन घरातल्या जाळ्यावर हाक मारतो आणि स्पीकर त्या हाकेला उत्तर देतो. फोन पाहुण्यांसाठीच्या जाळ्यावर असेल, किंवा राऊटरमध्ये उपकरणांना एकमेकांपासून वेगळे ठेवण्याची सोय चालू असेल, तर हाक पोहोचतच नाही आणि यादीत स्पीकर दिसत नाही. परंतु हे ‘स्पीकर सापडत नाही’ झाले. ‘खाते सापडत नाही’ ही तक्रार त्याहून निराळी आहे, आणि गूगलच्या स्पीकरवरही तिचे उत्तर वाय-फायमध्ये मिळत नाही. कोण कोणाला शोधतो आहे हे आधी ठरवले की निम्मे काम होते.

मेधा_ज

मग माझे प्रकरण इथेच मांडते, कारण ते गूगलच्या स्पीकरचे आहे. माझ्या आवाजाला स्पीकर माझ्या यादीतली गाणी लावतो. माझ्या यजमानांनी तेच वाक्य म्हटले की कधी माझी यादी लागते, तर कधी ‘आधी खाते जोडा’ असे उत्तर येते. दोघांची स्पॉटिफायची खाती वेगळी आहेत आणि दोघांची सशुल्क आहेत.

जुना_तंत्री

मेधाताई, आपल्याकडे स्पीकर आवाजावरून माणूस ओळखतो आहे, आणि प्रत्येक माणसाची जोडणी त्याच्या स्वतःच्या गूगल खात्याशी असते. आपण स्पॉटिफाय जोडले ते आपल्या गूगल खात्याला. यजमानांचा आवाज ओळखला गेला की स्पीकर त्यांच्या गूगल खात्यात पाहतो, आणि तिथे काही जोडलेले नसेल तर जोडायला सांगतो. आवाज ओळखला गेला नाही तर तो त्यांना पाहुणा समजतो आणि स्पीकर ज्याने सुरू केला त्याच्या, म्हणजे बहुधा आपल्या, खात्यातून गाणे लावतो. कधी हे आणि कधी ते होण्याचे कारण एवढेच असावे.

यजमानांना आपल्या घरात सदस्य म्हणून घ्या, त्यांच्या फोनवरच्या गूगल होम ॲपमध्ये, त्यांच्याच गूगल खात्याने, त्यांचे स्पॉटिफाय जोडा आणि Voice Match त्यांच्या आवाजावर पुन्हा करून घ्या. हे त्यांच्या फोनवरच करायला हवे. आपल्या फोनवर कितीही वेळा केले तरी त्यांच्या खात्यात काही जमा होत नाही.

मेधा_ज

त्यांच्या फोनवर दोन गूगल खाती आहेत, एक कार्यालयाचे. होम ॲप कार्यालयाच्या खात्याने उघडलेले निघाले. वैयक्तिक खात्यावर नेऊन पाहते आणि मग कळवते.

रेवती_क

भावाशी बोलले. Registered To समोर त्याचेच नाव होते. त्याने नोंद काढली, स्पीकरवर नारिंगी प्रकाश फिरू लागला, आणि मी तो माझ्या ॲपमधून नव्याने सुरू केला. आता Devices मध्ये स्पीकर दिसतो. स्पॉटिफाय पुन्हा जोडले, आणि आता स्पीकर ‘खाते सापडत नाही’ असे म्हणत नाही. गाणे लागते!

पण आनंद अर्धाच आहे. मागितलेल्या गाण्याऐवजी त्यासारखी दुसरीच गाणी लागतात, मध्ये जाहिराती येतात, आणि माझ्या ‘Evening Walk’ या यादीचे नाव घेतले की कोणत्या तरी अनोळखी माणसाची यादी वाजते. फोनवरच्या स्पॉटिफायमध्ये उपकरणांच्या यादीत स्पीकरचे नावही येत नाही. मी सशुल्क खात्याचे पैसे भरते आहे, हे बँकेच्या नोंदीत दिसते.

निखिल_प

पैसे भरूनही जाहिराती येत असतील तर त्यांच्याकडे परतावा मागा. असे कितीतरी लोकांना लुबाडले जाते.

जुना_तंत्री

निखिलराव, परतावा मागण्याइतपत अजून काही सिद्ध झालेले नाही. रेवतीताईंनी दिलेल्या तीनही खुणा एकाच दिशेला बोट दाखवतात: स्पीकरला स्पॉटिफायचे खाते मिळाले आहे, पण ते त्यांच्या फोनवरचे खाते नाही. जाहिराती येतात, म्हणजे जोडलेले खाते विनामूल्य आहे. स्वतःची यादी सापडत नाही, कारण त्या खात्यात ती नाहीच, म्हणून सर्वांसाठी खुल्या असलेल्या याद्यांमधली त्याच नावाची एखादी उचलली जाते. आणि फोनच्या यादीत स्पीकर दिसत नाही, कारण ॲलेक्साचा स्पीकर त्या यादीत बहुधा जोडलेल्या खात्यालाच दिसतो.

अशा वेळी तर्क लढवत बसण्यापेक्षा मी एक छोटी चाचणी करतो. फोनवरच्या स्पॉटिफायमध्ये एक नवी यादी तयार करा आणि तिला असे नाव द्या जे जगात दुसऱ्या कोणी दिले नसेल, पण उच्चारायला सोपे असेल; उदाहरणार्थ Blue Table Seven. तिच्यात पाचसहा गाणी टाका, काही मिनिटे जाऊ द्या आणि मग स्पीकरला ही यादी स्पॉटिफायवरून लावायला सांगा. तीच गाणी लागली तर खाते एकच आहे. नाही लागली तर स्पीकर दुसऱ्या खात्यात शोधतो आहे असे धरून पुढे जायला हरकत नाही. नाव इंग्रजी ठेवायला सांगतो त्याला कारण आहे. स्पीकरची भाषा इंग्रजी असेल तर त्याने ऐकलेले नाव रोमन अक्षरांत लिहिले जाते, आणि देवनागरीत लिहिलेल्या यादीच्या नावाशी ते जुळेलच असे नाही. खाते बरोबर असूनही यादी सापडत नाही अशा कितीतरी तक्रारींचे मूळ तिथे असते.

रेवती_क

चाचणी केली. यादी लागली नाही. पण माझे दुसरे खाते आहे हे मला मान्यच होत नाही. मी एकदाच खाते उघडले, तेही बरीच वर्षे झाली, माझ्या नेहमीच्या ईमेलने.

जुना_तंत्री

आपण फोन अलीकडे बदलला आहे का? नव्या फोनवर स्पॉटिफाय उघडताना ईमेल आणि पासवर्ड न टाकता गूगल, फेसबुक किंवा ॲपल यांपैकी एखादे बटण दाबले होते का? त्या बटणामागचा ईमेल आपल्या जुन्या खात्याच्या ईमेलशी जुळला नाही, तर ‘लॉगिन’ होण्याऐवजी गुपचूप नवे खाते उघडले जाते. आपण दार उघडले असे समजतो, आणि प्रत्यक्षात शेजारी नवे घर बांधलेले असते.

रेवती_क

आता आठवले. जानेवारीत नवा फोन घेतला तेव्हा पहिल्या दिवशी ॲपलचे बटण दाबले होते आणि ‘माझा ईमेल लपवा’ असे निवडले होते. आत गेले तर सगळ्या याद्या रिकाम्या. मी घाबरून बाहेर पडले, नेहमीच्या ईमेलने पुन्हा आत गेले, सगळे जागेवर दिसले आणि तो प्रकार विसरून गेले. पण मग ते रिकामे खाते आता स्पीकरला कसे सापडले? मी तर त्यातून बाहेर पडले होते.

जुना_तंत्री

आपण ॲपमधून बाहेर पडलात, ब्राउझरमधून नाही. स्पॉटिफाय जोडताना ॲलेक्सा ॲप जे परवानगीचे पान उघडते ते वेबपान असते, आणि पूर्वी तिथे कोणी आत शिरलेले असेल तर ते पान ती ओळख धरून ठेवते. त्यामुळे पासवर्ड विचारलाच जात नाही. थेट होकाराचे बटण येते आणि आपण ते दाबतो. जोडताना आपल्याला पासवर्ड विचारला गेला होता का, हे आठवून पाहा.

त्याच पानावर आपण कोणत्या नावाने आत आहात हे बारीक अक्षरांत लिहिलेले असते आणि जवळच Not you? असा दुवा असतो. सारा गुंता त्या एका ओळीत असतो, आणि ती ओळ वाचणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. मीही पहिल्या वेळी वाचली नव्हती.

आता क्रमाने करावयाच्या गोष्टी सांगतो. आधी फोनवरच्या स्पॉटिफायमध्ये सेटिंगमधले आपल्या खात्याचे पान उघडून वापरकर्त्याचे नाव आणि ईमेल कागदावर लिहून घ्या. हेच आपले खरे खाते. मग ॲलेक्सा ॲपमध्ये जाऊन स्पॉटिफायची सध्याची जोडणी काढा. त्यानंतर फोनच्या ब्राउझरमध्ये spotify.com उघडून, तिथे कोणी आत असेल तर बाहेर पडा. मग Link New Service पासून पुन्हा सुरुवात करा. परवानगीच्या पानावर आपल्या खऱ्या खात्याऐवजी दुसरेच नाव दिसले तर Not you? दाबा, आणि ॲपलच्या बटणाला हात न लावता ईमेल व पासवर्ड हाताने टाका. पासवर्ड आठवत नसेल तर तो आधीच नव्याने ठरवून ठेवा, म्हणजे मध्येच दुसरे बटण दाबण्याचा मोह होणार नाही.

जोडणी झाली की Default Services मध्ये गाण्यांसाठी स्पॉटिफाय ठेवा. तसे केले नाही तर प्रत्येक वेळी ‘स्पॉटिफायवर’ असे म्हणावे लागते, आणि न म्हटल्यास स्पीकर दुसऱ्याच सेवेत शोधून ‘सापडत नाही’ म्हणतो. तेव्हा माणूस पुन्हा खात्यावर संशय घेतो आणि चांगली जोडणी मोडून टाकतो.

सुहास_द

एक शंका विचारतो. मी स्पॉटिफायच्या संकेतस्थळावर Sign out everywhere दाबले होते, तरीही जुना स्पीकर माझ्या खात्याने गाणी वाजवत राहिला. रेवतीताईंनी तेच बटण दाबले तर जुनी जोडणी सुटणार नाही का?

जुना_तंत्री

सुटेलच असे धरू नका. ते बटण फोन, संगणक आणि ब्राउझरमधले लॉगिन बंद करते. स्पीकरसारख्या भागीदार उपकरणांना दिलेली परवानगी ही वेगळी नोंद असते. ती काढण्यासाठी खात्यात शिरून spotify.com/account/apps या पानावर जावे लागते. तिथे ज्या ज्या सेवांना आपण परवानगी दिली त्यांची यादी असते आणि प्रत्येकीसमोर Remove access असते. विकलेल्या किंवा कोणाला देऊन टाकलेल्या स्पीकरसाठी तेच करावे.

हे पान निदानालाही उपयोगी आहे. ॲलेक्साची जोडणी नुकतीच केली असूनही आपल्या खऱ्या खात्याच्या या यादीत ॲलेक्सा दिसत नसेल, तर परवानगी दुसऱ्याच खात्याने दिली आहे याला याहून भक्कम पुरावा नाही.

रेवती_क

झाले! आणि आपण म्हणालात तसेच निघाले. परवानगीच्या पानावर अक्षरे आणि आकडे यांची एक लांब माळ होती. मी तिला इतके दिवस कुठला तरी तांत्रिक क्रमांक समजत होते. Not you? दाबले, ईमेलने आत गेले, आणि या वेळी पानावर माझे नाव दिसले. Blue Table Seven पहिल्याच हाकेला लागली. Evening Walk सुद्धा माझीच लागते. जाहिराती नाहीत.

एक गोष्ट मात्र राहिली. फोनच्या उपकरणांच्या यादीत स्पीकर लगेच दिसत नव्हता.

जुना_तंत्री

नव्या जोडणीनंतर असे होते. स्पीकरला एकदा पुढील आज्ञा द्या आणि मग फोनवरची यादी पुन्हा उघडा.

```
Alexa, Spotify Connect
```

त्यानंतरही दिसला नाही तर फोनवरचे स्पॉटिफाय पूर्ण बंद करून उघडा. आवाजाने गाणे नीट लागते आहे, म्हणजे जोडणी शाबूत आहे. यादीत दिसायला वेळ लागला म्हणून ती मोडू नका.

मेधा_ज

आमचे अर्धे काम झाले. यजमानांच्या वैयक्तिक गूगल खात्याने होम ॲप उघडले, त्यांचे स्पॉटिफाय जोडले, आवाजही पुन्हा नोंदवला. आता त्यांची यादी बहुतेक वेळा लागते. माझा मुलगा बोलला की मात्र स्पीकर त्याला कधी मी समजतो आणि कधी पाहुणा. त्याचा आवाज माझ्यासारखा आहे असे सगळेच म्हणतात.

जुना_तंत्री

आवाज सारखे असतील तर चूक होणारच, आणि त्यावर माझ्याकडे पक्का उपाय नाही. त्याचेही Voice Match करून पाहा. निदान स्पीकरला निवड करायला तीन आवाज मिळतील. मुलगा लहान असेल तर त्याचे खाते पालकांच्या देखरेखीखालचे असावे लागते आणि तिथे जोडणीचे नियम वेगळे आहेत, त्याविषयी अनुभव असलेल्या कोणीतरी लिहावे.

निखिल_प

परताव्याचे मी घाईने लिहिले, ते मागे घेतो. पण माझी अडचण अजून तशीच आहे. माझे खाते एकच, स्पीकर माझ्याच नावावर, जोडणी बरोबर. तरीही तीनचार आठवड्यांनी स्पीकर एके दिवशी ‘खाते जोडा’ म्हणू लागतो. पुन्हा जोडले की चालते, आणि काही आठवड्यांनी तेच.

जुना_तंत्री

मधल्या काळात आपण स्पॉटिफायचा पासवर्ड बदलता का? पासवर्ड बदलला की आधी दिलेल्या परवानग्या रद्द होऊ शकतात, आणि स्पीकरला ते कोणी कळवत नाही. त्याला ते गाणे मागितल्यावर कळते. दुसरी शक्यता अशी की घरातले दुसरे कोणी त्याच ॲमेझॉन खात्याच्या ॲपमध्ये स्वतःचे स्पॉटिफाय जोडू पाहते, ते अर्ध्यावर सोडते, आणि आपली जोडणी त्या गडबडीत जाते.

निखिल_प

पासवर्ड बदललेला नाही. घरात दुसरे कोणी ॲप वापरत नाही. मी एकटाच राहतो.

जुना_तंत्री

मग पुढच्या वेळी तुटेल तेव्हा लगेच पुन्हा जोडू नका. आधी spotify.com/account/apps उघडून तिथे ॲलेक्सा अजून दिसते का ते पाहा. दिसत असेल तर परवानगी स्पॉटिफायकडे शाबूत आहे आणि गडबड ॲमेझॉनच्या बाजूला आहे. दिसत नसेल तर परवानगी स्पॉटिफायच्या बाजूने गेली आहे. कोणत्या दाराशी जाऊन तक्रार करायची हे तरी त्यावरून ठरेल. तारखा लिहून ठेवा.

निखिल_प

ठीक आहे. मागच्या वेळी नऊ दिवसांपूर्वी जोडले होते. तुटले की इथेच लिहितो.

रेवती_क

शेवटचा प्रश्न. ॲपलच्या बटणाने उघडलेले ते रिकामे खाते तसेच पडून आहे. ठेवावे की बंद करावे?

जुना_तंत्री

बंद करावे, नाहीतर पुढच्या फोनवर ते पुन्हा आडवे येईल. मात्र बंद करण्याआधी त्यात शिरून वरचे नाव वाचा आणि योजना विनामूल्य आहे ना ते पाहा. दोन खाती असणाऱ्या माणसाने घाईत खरे खाते बंद केल्याचे मी पाहिले आहे, आणि तो मीच होतो.

रेवती_क

नाव कागदावर लिहून समोर ठेवले आहे. आईचे गजरही पुन्हा लावून झाले. सकाळी सातचा वाजला, दुपारचा अजून वाजायचा आहे.